जिल्हावार छटांचा नकाशा कसा तपासावा: गटांच्या सीमा, सूचीची भाषा आणि फसवे रिकामे पट्टे

जिल्ह्यांच्या आकडेवारीवरून फिकट ते गडद छटा भरलेला नकाशा आपण शाळेत क्षेत्रघनी नकाशा म्हणून शिकलो. आता तो संगणकावर काही मिनिटांत तयार होतो. रंग भरण्यात सहसा काही चुकत नाही. गोम असते ती सॉफ्टवेअरने आपल्याला न विचारता घेतलेल्या निर्णयांत: गटांच्या सीमा कुठे पाडायच्या, सूचीत काय लिहायचे, आकडा नसलेल्या जिल्ह्याचे काय करायचे. असा नकाशा छापायला किंवा अहवालात टाकायला देण्यापूर्वी तो कसा तपासायचा, हे एकाच उदाहरणावर बघू. उदाहरण आहे 2011 च्या जनगणनेतली महाराष्ट्राची जिल्हावार लोकसंख्येची घनता. हा तक्ता मुद्दाम निवडला, कारण छटांचा नकाशा जिथे जिथे फसतो त्या बहुतेक सगळ्या जागा यात सापडतात.

आधी तक्ता आणि सीमा जुळतात का ते पाहा

नकाशा बाजूला ठेवा आणि दोन आकडे मोजा: तक्त्यात ओळी किती आणि सीमांच्या फाइलमध्ये जिल्हे किती. 2011 मध्ये महाराष्ट्रात 35 जिल्हे होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ते 36 झाले. आज कुठूनही सीमांची फाइल उतरवून घेतली तर त्यात बहुधा 36 आकार असतात, जनगणनेच्या तक्त्यात मात्र 35 ओळी. जोडणी केली की पालघर कोरा राहतो. तो डोळ्यांना दिसतो तरी. ठाण्याची चूक दिसतच नाही.

जनगणनेतल्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 आणि क्षेत्रफळ 9,558 चौरस किलोमीटर, म्हणजे घनता 1,157. विभाजनानंतर ठाण्याकडे 4,214 चौरस किलोमीटर उरले. जुनी लोकसंख्या नव्या आकाराच्या क्षेत्रफळाने भागली तर घनता 2,625 निघते, आणि अशी घनता असलेला जिल्हा कधीच अस्तित्वात नव्हता. तक्त्यातली तयार 1,157 वापरली तरी ती नव्या ठाण्याला लागू नाही. तालुक्यांची बेरीज करून पाहिले तर नव्या ठाण्याची लोकसंख्या 80,70,032 आणि पालघरची 29,90,116 येते. म्हणजे घनता अनुक्रमे सुमारे 1,915 आणि 560.

यावर दोनच प्रामाणिक उपाय आहेत. एक तर 2011 च्या आकड्यांसाठी 2011 च्याच 35 जिल्ह्यांच्या सीमा वापरा, नाहीतर तालुक्यांवरून दोन्ही जिल्ह्यांचे आकडे नव्याने काढा. मला पहिला मार्ग बरा वाटतो, कारण मग तक्ता आणि नकाशा एकाच काळाचे राहतात. पुढचे सगळे उदाहरण 35 जिल्ह्यांवरच आहे.

कोऱ्या जिल्ह्यांचे दुसरे कारण म्हणजे नावे. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात `Bid`, `Buldana`, `Gondiya`, `Raigarh`, `Ahmadnagar` अशी स्पेलिंगे आहेत. सीमांच्या फाइलमध्ये `Beed`, `Buldhana`, `Gondia`, `Raigad` असू शकते. त्यात छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावे नंतर आलेली. नावावरून जोडणी केली की यातले काही जिल्हे हमखास गळतात. देशभराचा नकाशा असेल तर धोका आणखी मोठा: औरंगाबाद बिहारातही आहे आणि रायगढ छत्तीसगडमध्येही, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटू शकतो. म्हणून जोडणी नेहमी जनगणनेच्या कोडवरून करा. महाराष्ट्राच्या 35 जिल्ह्यांना 2011 मध्ये 497 (नंदुरबार) ते 531 (सांगली) असे सलग कोड होते. जोडणीनंतर 35 पैकी 35 ठिकाणी आकडा आला आहे याची खात्री होईपर्यंत रंगांकडे वळूच नका.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट बघून घ्या. छटेत भरलेला आकडा हा दर, टक्केवारी किंवा घनता असला पाहिजे, नुसती संख्या नव्हे. एकूण लोकसंख्या किंवा एकूण रुग्ण छटेने दाखवले, तर मोठा जिल्हा मोठा असल्यामुळेच गडद होतो आणि नकाशा फारसे काही सांगत नाही. संख्या दाखवायची असेल तर वर्तुळे वापरावीत. त्याबद्दल शेवटी.

गटांच्या सीमा: आधी आकडे चढत्या क्रमाने लावा

आता घनता चढत्या क्रमाने लावा. सर्वात खाली गडचिरोली, 74. मग सिंधुदुर्ग 163, चंद्रपूर 193, रत्नागिरी 197. मधला मोठा जथा 200 ते 370 च्या दरम्यान दाटीने बसलेला. त्यानंतर नाशिक 393, नागपूर 470, कोल्हापूर 504, पुणे 603, ठाणे 1,157. आणि तिथून थेट उडी: मुंबई शहर 19,652, मुंबई उपनगर 20,980.

QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये `Graduated` निवडून `Mode` मध्ये `Equal Interval` ठेवा आणि पाच गट मागा. 74 ते 20,980 या अंतराचे पाच सारखे तुकडे होतात, प्रत्येक सुमारे 4,180 चा. पहिल्या गटात 33 जिल्हे, शेवटच्यात मुंबईचे दोन, मधले तीन गट पूर्ण रिकामे. नकाशावर सगळा महाराष्ट्र एका फिकट रंगात आणि पश्चिमेच्या काठावर एक गडद ठिपका. गडचिरोली आणि पुणे एकाच छटेत! आकडे सगळे खरे असूनही या नकाशातून वाचकाला काहीच कळत नाही.

मग `Equal Count (Quantile)` करून बघा. 35 जिल्हे, पाच गट, प्रत्येकात सात. नकाशा एकदम रंगीबेरंगी आणि समतोल दिसतो, आणि म्हणूनच तो जास्त फसवतो. वरच्या गटात नाशिक (393) आणि मुंबई उपनगर (20,980) शेजारी बसतात, म्हणजे पन्नास पटींपेक्षा जास्त फरक एका छटेत लपतो. खाली गडचिरोली (74) आणि धाराशिव (219) एकत्र. उलट अहिल्यानगर (266) आणि बुलडाणा (268) यांच्यामध्ये मात्र गटाची सीमा पडते. दर चौरस किलोमीटरला दोन माणसांचा फरक, आणि नकाशावर दोन वेगळे रंग. कुणीतरी हा नकाशा पाहून विदर्भ आणि नगर यांच्यातल्या दरीबद्दल परिच्छेद लिहून मोकळा होईल.

म्हणून सीमा आपण पाडायच्या, आणि त्या आकड्यांमधल्या खऱ्या फटींमध्ये पाडायच्या. स्प्रेडशीटमध्ये आकडे B2 ते B36 मध्ये चढत्या क्रमाने असतील तर शेजारच्या रकान्यात प्रत्येक आकडा आणि त्याच्या आधीचा यांतला फरक काढा:

```
=B3-B2
```

फटी लगेच उठून दिसतात. 74 ते 163 मध्ये 89. 219 (धाराशिव) ते 237 (अमरावती) मध्ये 18. 295 (परभणी) ते 319 (नांदेड) मध्ये 24. 393 ते 470 मध्ये 77. आणि 1,157 ते 19,652 ही प्रचंड फट. या फटींच्या आत पडणारे, वाचायला सोपे आकडे घ्या: 100, 225, 300, 400. शेवटच्या फटीसाठी 1,200 ला गट संपवा आणि मुंबईचा गट वेगळा ठेवा. 200 हा आकडा 225 पेक्षा गोल दिसतो खरा, पण तिथे सीमा पाडली तर रत्नागिरी (197) आणि यवतमाळ (204) वेगळ्या रंगात जातात, आणि ते टाळायलाच तर हा खटाटोप.

आता प्रत्येक गटात किती जिल्हे पडतात ते मोजा:

```
=COUNTIFS(B2:B36,">=225",B2:B36,"<300")
```

100 च्या खाली 1, पुढे 6, 14, 8, 4 आणि शेवटी 2. बेरीज 35. ही बेरीज करायला विसरू नका, कारण QGIS च्या `Graduated` पद्धतीत जो आकडा कोणत्याच गटात बसत नाही तो जिल्हा काढलाच जात नाही, आणि त्याची सूचनाही येत नाही. समजा 36 जिल्ह्यांचे सुधारलेले आकडे घेतले आणि गट हेच ठेवले, तर 1,915 घनतेचे ठाणे 1,200 आणि 19,000 च्या मधल्या फटीत पडून नकाशावरून नाहीसे होईल.

एका गटात एकच जिल्हा असणे चूक आहे का? सरसकट नाही. गडचिरोली खरोखरच बाकीच्यांपासून तुटलेला आहे, म्हणून त्याला स्वतंत्र गट शोभतो. मात्र दोन-तीन आकड्यांच्या फरकासाठी एकुलता गट तयार झाला असेल तर तो मोडावा. `Natural Breaks (Jenks)` ही पद्धत फटी आपोआप शोधते, पण मुंबईसारखे टोकाचे आकडे असले की ती त्यांच्यावरच गट खर्च करते आणि मधल्या दाटीला एकत्र ढकलते. सुरुवात म्हणून ती घ्या, नंतर सीमा हाताने सरकवा. त्याच विषयाचा 2001 चा नकाशाही शेजारी द्यायचा असेल तर दोन्ही नकाशांना एकच गट लावा. प्रत्येक वर्षाचे गट वेगळे झाले तर रंगांची तुलना निरर्थक ठरते.

रंग

घनतेसारखी एका दिशेने वाढणारी गोष्ट असेल तर एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा पुरतात. सहा छटांच्या पुढे गेलात तर सूचीतली छटा नकाशावर ओळखता येत नाही. सिंथिया ब्रूअर यांच्या ColorBrewer मधले रंगसंच QGIS मध्येच मिळतात, तेच घ्यावेत. तपासणी सोपी आहे: `View` → `Preview Mode` मध्ये जाऊन नकाशा करड्या रंगात बघा. छटांचा क्रम तिथेही तसाच राहिला पाहिजे. लाल-हिरव्याची जोडी असेल तर ती इथेच उघडी पडते.

शून्य ओलांडणारा आकडा असेल तर नियम बदलतो. 2001 ते 2011 मधली लोकसंख्यावाढ घ्या. ठाणे सुमारे 36 टक्क्यांनी वाढले, पण मुंबई शहर 7.6, रत्नागिरी 4.8 आणि सिंधुदुर्ग 2.2 टक्क्यांनी घटले. इथे शून्यावर सीमा हवीच, आणि तिच्या दोन बाजूंना दोन वेगळे रंग. शून्य एखाद्या गटाच्या पोटात गेले, उदाहरणार्थ ‘−5 ते 5’, तर घटलेले कोकण आणि सावकाश वाढलेले जिल्हे एकाच छटेत मिसळतात आणि नकाशातली मुख्य बातमीच गायब होते.

सूची वाचून बघा, अक्षरशः मोठ्याने

सॉफ्टवेअर देते ती सूची बहुधा अशी असते: `100 - 225`, `225 - 300`, `300 - 400`. घनता 225 असलेला जिल्हा कुठल्या गटात? वाचकाला कळायला मार्ग नाही. आपले आकडे पूर्णांकात आहेत, म्हणून सरळ असे लिहा:

100 पेक्षा कमी
100 ते 224
225 ते 299
300 ते 399
400 ते 1,199
19,000 पेक्षा जास्त (मुंबई शहर, मुंबई उपनगर)

शेवटच्या दोन ओळींमध्ये एक टीप हवी: ‘1,200 ते 19,000 दरम्यान एकही जिल्हा नाही’. ती नसेल तर वाचक पहिल्या पाच पायऱ्यांसारखीच सहावीही एक पायरी समजेल. दोन चौकटींच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडली तर ही फट डोळ्यांनाही जाणवते.

सूचीचे शीर्षक नुसते ‘घनता’ असून भागत नाही आणि `density_2011` तर अजिबात नाही. ‘दर चौरस किलोमीटरला लोकसंख्या, जनगणना 2011’ एवढे लिहिले की काय मोजले, कशाने भागले आणि केव्हाचे, हे तिन्ही कळते. टक्केवारीच्या नकाशात ‘कशाच्या टक्के’ हा प्रश्न सर्वात जास्त वेळा अनुत्तरित राहतो. साक्षरतेचेच बघा: जनगणना हा दर सात वर्षे आणि त्यावरील लोकसंख्येवर काढते. सूचीत तसे लिहिले नाही तर कुणी त्याला एकूण लोकसंख्येने गुणून साक्षरांची संख्या काढेल आणि ती फुगलेली येईल.

‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ अशी शब्दांची सूची मला पटत नाही. 230 ला मध्यम म्हणायचे हे कुणी ठरवले? आकडे लिहा, आणि तुलनेला राज्याची सरासरी 365 सूचीखाली द्या. ‘चांगले’, ‘मागास’, ‘चिंताजनक’ हे शब्द तर कटाक्षाने टाळा. नकाशाने मोजमाप दाखवावे, निकाल वाचकाने किंवा लेखाने द्यावा.

एक ओळ मात्र कायम हवी, एकही कोरा जिल्हा नसला तरी: ‘माहिती उपलब्ध नाही’. ती छटांपासून वेगळी, करडी किंवा तिरप्या रेघांची असावी. पांढरी तर नकोच, कारण फिकट छटांच्या संचात पांढरा म्हणजे सर्वात कमी असाच अर्थ लागतो, आणि नकाशाबाहेरचा समुद्र व शेजारची राज्येही पांढरीच असतात. QGIS मध्ये यासाठी जिल्ह्यांच्या थराची आणखी एक प्रत करा, खालच्या थराला एकच करडा रंग द्या आणि वर छटांचा थर ठेवा. जो जिल्हा वर काढला गेला नाही तो खालून करडा दिसेल. चुकून गळलेला जिल्हा पकडायलाही हाच उपाय कामाला येतो. आणि शून्य म्हणजे माहिती नसणे नव्हे: मोजले आणि काही आढळले नाही, तर तो जिल्हा छटेतच हवा.

मोठे फिकट पट्टे काय सांगतात, काय लपवतात

आता नकाशा पुरता बरोबर झाला आहे असे समजू. तरीही तो डोळ्यांची फसवणूक करतो, आणि ती किती ते मोजता येते. प्रत्येक गटाने नकाशाचा किती भाग व्यापला आणि त्यात राज्यातली किती माणसे राहतात, हे दोन रकाने तयार करा.

खालच्या दोन गटांत सात जिल्हे आहेत: गडचिरोली, सिंधुदुर्ग, चंद्रपूर, रत्नागिरी, यवतमाळ, वर्धा, धाराशिव. त्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे 66,700 चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या पाचव्या भागाहून जास्त. लोकसंख्या सुमारे 1 कोटी 15 लाख. मुंबईचे दोन जिल्हे मिळून 603 चौरस किलोमीटर, राज्याच्या 0.2 टक्के. लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. म्हणजे नकाशावर जवळपास न दिसणाऱ्या ठिपक्यात, पाचवा भाग व्यापणाऱ्या फिकट पट्ट्यापेक्षा जास्त माणसे राहतात.

छापल्यावर हे कसे दिसेल तेही काढून बघा. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे 800 किलोमीटर. नकाशा 20 सेंटीमीटर रुंद असेल तर 1 सेंटीमीटर म्हणजे 40 किलोमीटर. गडचिरोली 9 चौरस सेंटीमीटरचा होतो आणि दोन्ही मुंबई मिळून जेमतेम 0.4 चौरस सेंटीमीटर. जिल्ह्यांच्या सीमारेषा जाड असतील तर मुंबईची छटा रेषांखालीच बुजते. म्हणून रेषा बारीक आणि फिकट ठेवा, आणि अरबी समुद्राच्या मोकळ्या जागेत मुंबईची मोठी केलेली चौकट द्या. चौकटीचे प्रमाण वेगळे आहे हे तिच्यावर लिहा.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. सर्वात फिकट म्हणजे माणसेच नाहीत असे वाटते. गडचिरोलीत 2011 मध्ये 10,72,942 माणसे होती. त्याहून गडद दिसणाऱ्या सिंधुदुर्गात 8,49,651. फिकट जिल्ह्यात माणसे जास्त आहेत, ती फक्त जवळपास पावणेतीनपट जागेवर पसरलेली आहेत. तीही सारखी पसरलेली नाहीत: उत्तरेला देसाईगंज, आरमोरीकडे भातशेती आणि दाट वस्ती, तर एटापल्ली, भामरागडकडे घनदाट जंगल आणि दूरदूरची पाडे-गावे. 74 ही सरासरी या दोन्ही टोकांपैकी कुणाचीच नाही. दवाखाना, शाळा किंवा मतदान केंद्रांच्या नियोजनासाठी हा नकाशा वापरला जाणार असेल तर जिल्हावार छटा पुरेशी नाही. तालुकावार नकाशा करा, निदान असे मोठे जिल्हे तरी तालुक्यांत फोडून शेजारी दाखवा. वनक्षेत्राचा थर हाताशी असेल तर वस्ती नसलेले जंगल छटेतून वगळता येते, पण मग भागाकारही उरलेल्या जमिनीनेच करायला हवा आणि सूचीत तसे लिहायला हवे. जंगल नुसते झाकून आकडा 74 च ठेवला तर नकाशा आणखी चुकतो.

प्रश्नच ‘किती माणसे’ असा असेल तर छटा सोडून वर्तुळे घ्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ लोकसंख्येच्या प्रमाणात हवे, म्हणून व्यास वर्गमुळावरून ठरतो:

```
sqrt("population") / 300
```

हे मिलिमीटरमध्ये घेतले तर गडचिरोलीचे वर्तुळ साधारण 3.5 आणि मुंबई उपनगरचे 10.2 मिलिमीटर व्यासाचे होते. उपनगरची लोकसंख्या गडचिरोलीच्या 8.7 पट आहे आणि वर्तुळाचे क्षेत्रफळही तितकेच पट येते. वर्गमूळ न घेता व्यासच 8.7 पट केला तर वर्तुळ सुमारे 76 पट मोठे दिसेल. ठाणे आणि दोन्ही मुंबईची वर्तुळे एकमेकांवर चढतील, त्यांना अर्धपारदर्शक रंग द्या किंवा चौकटीत हलवा. छटा आणि वर्तुळे एकाच नकाशात घातली तरी चालते, पण मग छटा खूप फिकट ठेवाव्या लागतात. दोन छोटे नकाशे शेजारी ठेवणे मला जास्त सुटसुटीत वाटते.

शेवटी नकाशाखालची टीप. या उदाहरणासाठी ती अशी लिहावी: ‘आकडे: जनगणना 2011. सीमा: 2011 मधील 35 जिल्हे, ठाण्यात आजचा पालघर जिल्हा समाविष्ट. जिल्ह्यांची नावे सध्याची. गटांची रुंदी समान नाही, सीमा आकड्यांमधील फटी पाहून ठरवल्या आहेत. छटा जिल्ह्याची सरासरी दाखवते, जिल्ह्यांतर्गत वस्तीचे वितरण नाही.’